महिन्याला दोन-तीनच सिरीज बघतो, मग कोणतं सबस्क्रिप्शन ठेवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांतून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. घरात तीन-चार ॲपचे पैसे जातात, बघायला वेळ आठवड्यातून एक-दोन संध्याकाळी मिळतो, आणि कोणतं बंद करावं यावर घरात एकमत होत नाही. खाली दिलेले दर 2025 सालचे आहेत. पैसे भरताना ॲपवर दिसेल तो दर खरा धरा, हिशोबाची रीत तीच राहते.

कोणतं ॲप ठेवावं हे ठरवायचं कशावरून?

ॲपवर काय काय आहे यावरून ठरवू नका. प्रत्येक ॲपवर हजारो गोष्टी असतात आणि त्यातल्या तुम्ही बघणार चार. गेल्या तीन महिन्यांत त्या ॲपला किती रुपये गेले आणि त्यावर किती वेळा बसून काही पाहिलं, एवढे दोन आकडे काढा. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की एका बैठकीचा खर्च निघतो.

तीन महिने अशासाठी, की एकाच महिन्याचा हिशोब फसवतो. मे महिन्यात मुलं घरी, बाहेर पंचेचाळीस डिग्री, दुपारी दार उघडायची सोय नाही, तेव्हा टीव्ही दिवसभर चालतो. जूनमध्ये पेरणी सुरू झाली की तोच टीव्ही पंधरा-पंधरा दिवस बंद असतो.

बैठक कशाला म्हणायचं? पाच मिनिटं पाहून सोडून दिलं तर?

सिरीजचा एक भाग किंवा एक सिनेमा बऱ्यापैकी पाहिला तर एक बैठक. पहिला भाग लावला, दहा मिनिटांत कंटाळा आला आणि पुढे गेलात, तर ते मोजू नका. जेवताना मागे नुसतं चालू होतं तेही मोजू नका. इथे उदार झालात तर सगळीच ॲप स्वस्त दिसायला लागतात.

पण आठवणार कसं काय पाहिलं ते?

आठवायची गरज नाही, ॲपकडे नोंद असते. नेटफ्लिक्सचं तर एकदम सोपं आहे. ब्राउझरमध्ये लॉगिन करून netflix.com/viewingactivity उघडा. तारखेसकट सगळी यादी येते, खाली Download all दाबलं की ती फाइलच मिळते. ही यादी प्रोफाइलनुसार वेगळी असते, त्यामुळे घरातल्या प्रत्येकाची उघडून बघा. दोन मिनिटं लावून सोडलेलंही यात येतं, ते खोडा. एका सिरीजचे सगळे भाग एकाच रात्री दिसले तर बहुधा कोणी तरी झोपून गेलेलं असतं आणि पुढचे भाग आपोआप चाललेले असतात.

प्राइम व्हिडिओच्या सेटिंगमध्ये Watch history आहे. ज्या ॲपवर अशी नीट यादी सापडत नाही, तिथे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या दिवशी ॲपचं पहिलं अक्षर लिहायचं. दुधाच्या खाड्यांशेजारी आणखी एक खूण, एवढंच.

एखाद्या घराचा पूर्ण हिशोब दाखवाल का?

अमळनेरचं एक ओळखीचं घर आहे. आजी, आईवडील, बारावी झालेली मुलगी आणि पुण्याला शिकणारा मुलगा. त्यांच्याकडे नेटफ्लिक्सचं 499 रुपये महिन्याचं स्टँडर्ड, अॅमेझॉन प्राइमचं वर्षाचं 1499 आणि जिओहॉटस्टारचं प्रीमियम, तेही वर्षाचं 1499. बेरीज केली तर वर्षाला 8986 रुपये. घरातल्या कोणालाच हा आकडा माहीत नव्हता, कारण पैसे वेगवेगळ्या तारखांना आणि दोघांच्या खात्यांतून जात होते.

मार्च ते मे 2025 चा हिशोब मांडला. नेटफ्लिक्सला या तीन महिन्यांत 1497 रुपये गेले. पाहिलं काय? मुलीने सोळा भागांची एक कोरियन सिरीज आणि दोन सिनेमे, आणि तेही सगळं मे महिन्यात, परीक्षा संपल्यावर. अठरा बैठका, म्हणजे एका बैठकीला 83 रुपये. फक्त मे महिन्यापुरतं, तेही 199 चं बेसिक घेतलं असतं, तर हाच आकडा 11 वर आला असता. म्हणजे नेटफ्लिक्स महाग नव्हतं, मार्च आणि एप्रिल महाग होते.

प्राइमचे तीन महिन्यांचे 375 धरले. तीन सिनेमे आणि सहा भागांची एक सिरीज, म्हणजे नऊ बैठका आणि साधारण 42 रुपये एकीला. त्यात घरपोच सामानाचा फायदा आहे, त्याचं खाली बोलू.

जिओहॉटस्टारचा आकडा पहिल्या नजरेला सगळ्यात देखणा होता. वडिलांनी आयपीएलच्या बावीस मॅच पाहिल्या आणि आजींच्या स्टार प्रवाहवरच्या मालिकेचे चाळीसच्या वर भाग. 375 ला बासष्टने भागा, सहा रुपये! पण आजींची मालिका घरच्या डिशवर रोज येते, दुसऱ्या दिवशी पुन्हाही लागते. त्या ॲपवर बघत होत्या ते फक्त फोन हातात होता म्हणून. ॲप नसतं तरी त्यांचा एकही भाग चुकला नसता, म्हणून ते चाळीस भाग वजा केले. उरल्या बावीस मॅच, एकीला 17 रुपये. तरीही वाईट नाही.

पण ती आयपीएल 22 मार्चला सुरू होऊन 3 जूनला संपली, म्हणजे अडीच महिन्यांच्या आत. त्या वेळी सुपर हा प्लॅन तीन महिन्यांना 299 ला मिळत होता. प्रीमियममध्ये सिनेमा-सिरीजमधल्या जाहिराती जातात, थेट मॅचमधल्या जात नाहीत, म्हणून मॅचपुरतं सुपर पुरलं असतं. बाकी उरलेल्या वर्षात वडील एखादी मॅच बघतात ती दुकानात बसून फोनवर, आणि फोनपुरतं हॉटस्टार त्यांच्या रिचार्जमध्येच येत होतं. एकाच गोष्टीचे पैसे दोनदा जात होते.

शेवटी ठरलं असं: मे आणि दिवाळीच्या महिन्यात नेटफ्लिक्स बेसिक, 398 रुपये. आयपीएलला हॉटस्टारचे तीन महिने, 299. प्राइम आहे तसं. वर्षाचे 2196 रुपये, आधीच्या 8986 च्या जागी. आणि घरातल्या कोणाचंही काही पाहायचं राहिलं नाही.

बैठकीला किती रुपये पडले तर ॲप ठेवावं?

याचा नियम कुठे लिहिलेला नाही. माझं मत विचाराल तर पंचवीस-तीस रुपयांच्या आत असेल तर राहू द्या, पन्नासच्या वर गेलं तर या महिन्यात बंद करा. मधे असेल तर आजींच्या मालिकेला लावला तसा दुसरा प्रश्न विचारा: हे ॲप नसतं तर त्यातलं काय खरंच चुकलं असतं? जे डिशवर, यूट्यूबवर किंवा दुसऱ्या ॲपवर होतंच, ते वजा करून पुन्हा भागा. बहुतेक घरांत इथेच उत्तर बदलतं.

वर्षाचं घेतलं की स्वस्त पडतं ना?

वर्षभर बघणार असाल तर पडतं. प्राइमचं उदाहरण घ्या. महिन्याचे 299, वर्षाचे 1499. पाच महिन्यांचे सुटे पैसे 1495 होतात. म्हणजे वर्षातून पाच किंवा त्याहून कमी महिने लागणार असेल तर सुटं महिन्याचं बरं, सहावा महिना लागला तरच वर्षाचं परवडतं. कोणत्याही ॲपचं असंच काढता येतं: वर्षाच्या रकमेला महिन्याच्या रकमेने भागायचं, येईल तेवढे महिने ही सीमारेषा. ज्याला महिन्याला दोनच सिरीज बघायच्या आहेत तो एका ॲपवर वर्षातून सहा महिने क्वचितच टिकतो.

वर्षाचे पैसे आधीच भरून बसला असाल तर ते परत येणार नाहीत असं धरून चाला. ‘भरलेत ना, मग बघू’ म्हणून नको त्या सिरीज बघण्यात अर्थ नाही. फक्त पुढच्या वर्षाचे आपोआप कापले जाऊ नयेत एवढं आज बघा.

प्राइमचं आणखी एक. 17 जून 2025 पासून भारतात प्राइम व्हिडिओवर जाहिराती यायला लागल्या. त्या नको असतील तर महिन्याला 129 किंवा वर्षाला 699 जास्तीचे. म्हणजे बिनजाहिरातीचं वर्ष 2198 ला पडतं. जुन्या दरावर हिशोब केला असेल तर नवा करा.

प्राइममध्ये सामान फुकट घरी येतं, ते कसं मोजायचं?

वर्षभरातल्या ऑर्डर काढा आणि सदस्य नसतो तर कोणत्या ऑर्डरला डिलिव्हरीचे पैसे पडले असते तेवढेच धरा. मोठ्या ऑर्डरला अनेकदा तसेही पडत नाहीत. ‘आजच्या आज’ किंवा ‘उद्या सकाळी’ हा फायदा पुण्या-मुंबईचा आहे. पारोळ्याला किंवा शिरपूरजवळच्या गावात सामान यायचं तेव्हाच येतं, त्यामुळे त्याचे पैसे हिशोबात धरू नका. डिलिव्हरीची जी रक्कम निघेल ती वर्षाच्या दरातून वजा करा आणि उरलेल्या पैशांना व्हिडिओच्या बैठकांनी भागा. अमळनेरच्या त्या घराने प्राइम ठेवलं ते यामुळेच. मुलीची पुस्तकं आणि घरातल्या बारीकसारीक वस्तू त्यावरूनच येत होत्या.

‘रिचार्जमा फुकट शे ना भो!’ मग वेगळं कशाला घ्यायचं?

फुकट शे, पण एकदा तपासून घ्या. जुलै 2024 च्या दरवाढीनंतर जिओचे 84 दिवसांचे, रोज 2 जीबीचे दोन रिचार्ज होते. साधा 859 चा आणि नेटफ्लिक्स मोबाइल जोडलेला 1299 चा. फरक 440 रुपयांचा. तेच नेटफ्लिक्स मोबाइल थेट घेतलं तर महिन्याला 149, म्हणजे 84 दिवसांचे सव्वाचारशेच्या आत. जोडून घेतल्याने काही वाचलं नाही, उलट ज्या महिन्यात बघायचं नाही त्याचेही पैसे गेले. थेट घेतलेलं मधेच बंद करता येतं, रिचार्जमधलं 84 दिवस संपेपर्यंत चालूच राहतं.

म्हणून रिचार्ज निवडताना त्याच डेटाचा, तेवढ्याच दिवसांचा साधा प्लॅन शेजारी ठेवून फरक बघा. फरक नगण्य असेल तर जरूर घ्या. आणि मिळतं ते मोबाइलपुरतं आहे की टीव्हीवरही चालतं, हे पैसे भरायच्या आधी वाचा. टीव्हीवर लावायला गेल्यावर कळलं तर घरात भांडण ठरलेलं.

आधी मात्र घरातल्या सगळ्या सिमकार्डांच्या रिचार्जमध्ये काय काय येतंय ते बघा. आहे पण कधी सुरूच केलं नाही, असंही बऱ्याच घरांत सापडतं.

मोठा प्लॅन घेतला तर चित्र चांगलं दिसतं का?

टीव्ही आणि इंटरनेट तसं असेल तर. नेटफ्लिक्सचं 149 चं मोबाइल फक्त फोन-टॅबवर चालतं, चित्र 480पी. 199 चं बेसिक टीव्हीवर चालतं, 720पी, एका वेळी एकच पडदा. 499 मध्ये 1080पी आणि दोन पडदे, 649 मध्ये 4के आणि चार.

आता आपल्याकडे घरोघरी असलेला बत्तीस इंची ‘एचडी रेडी’ टीव्ही घ्या. त्याच्या पडद्यावर 1366 बाय 768 एवढेच ठिपके असतात. 720पी त्याच्या जवळपासच आहे. त्यावर 649 चा प्लॅन चालवला तरी दिसणार जवळपास तेवढंच.

गावात फायबर नसेल आणि टीव्ही फोनच्या हॉटस्पॉटवर चालत असेल तर आणखी जपा. नेटफ्लिक्सच्याच सांगण्याप्रमाणे मध्यम दर्जाला तासाला 0.7 जीबीपर्यंत डेटा जातो, एचडीला 3 जीबीपर्यंत. रोजचा 2 जीबी एचडीवर तासभरही पुरत नाही, आणि संपल्यावर डेटाचं टॉपअप मारलंत तर ते पैसेही त्या ॲपच्या नावावर लिहा. खेड्यातल्या घरांचा हिशोब बहुतेक वेळा या टॉपअपमुळेच बिघडतो.

बंद-चालू करायचं तर नेमकं कसं? दर वेळी लक्षात कोण ठेवणार?

लक्षात ठेवावं लागू नये म्हणून ज्या दिवशी पैसे भरले त्याच दिवशी रद्द करून टाका. विचित्र वाटतं, पण नेटफ्लिक्ससारख्या बहुतेक ॲपवर रद्द केलं तरी भरलेल्या महिन्याच्या शेवटापर्यंत सगळं बघता येतं. पुढचे पैसे तेवढे कापले जात नाहीत. रद्द करताना पडद्यावर ‘अमुक तारखेपर्यंत चालू राहील’ असं येतं, ते वाचूनच बटण दाबा. काही ठिकाणी ‘आत्ताच बंद’ आणि ‘मुदत संपल्यावर बंद’ असे दोन पर्याय असतात, तिथे दुसरा निवडा. फुकट चाचणीच्या काळात मात्र काही ॲप लगेच बंद होतात, तिथे एक-दोन दिवस आधी रद्द करा.

सुरू कधी करायचं यातही गंमत आहे. महिना पैसे भरल्या दिवसापासून मोजला जातो. त्यामुळे मनात आलं त्या मंगळवारी नको, सुट्टी लागते त्या दिवशी सुरू करा. आखाजीला लेकीबाळी माहेरी येतात, तेव्हा एक महिना घेतला तर सगळ्या मिळून वसूल करतात. कापूस वेचणीच्या दिवसांत घेतलेला महिना जवळपास वाया जातो.

आणि दर आठवड्याला एकच भाग येणारी सिरीज असेल तर थांबा. आठ भाग आठ आठवड्यांत येतात, पहिल्या दिवसापासून बघाल तर दोन महिन्यांचे पैसे लागतात. शेवटचा भाग आल्यावर सुरू केलं तर एकाच महिन्यात सगळं उरकतं. तोवर गल्लीतला कोणी शेवट सांगून टाकेल हा धोका आहेच.

ॲप काढून टाकलं तरी पैसे कसे कापले गेले?

ॲप फोनवरून काढल्याने सबस्क्रिप्शन रद्द होत नाही. तुम्ही बँकेला दिलेली परवानगी, म्हणजे ऑटोपे, तशीच चालू असते. आधी त्या ॲपच्या किंवा वेबसाइटच्या खात्यात जाऊन रद्द करा. मग फोनपे, गुगल पे असं जे वापरता त्याच्या प्रोफाइलमध्ये Autopay शोधा, तिथे चालू परवानग्यांची यादी असते. नको ती रद्द करा. थांबवणं आणि रद्द करणं असे दोन वेगळे पर्याय दिसले तर थांबवून सोडू नका. प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर प्ले स्टोअरच्या Payments & subscriptions मध्ये बघावं लागेल.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे असे पैसे कापायच्या किमान 24 तास आधी ग्राहकाला सूचना यायला हवी. हा नियम 1 ऑक्टोबर 2021 पासून लागू आहे. सूचना येतेच, पण खात्याला जोडलेल्या नंबरवर किंवा ई-मेलवर. तो नंबर बाबांच्या बटणाच्या फोनमध्ये असेल तर ती न वाचताच जाते. महिन्यातून एकदा तो फोन हातात घेऊन मेसेज चाळा.

मुलगा पुण्याला आहे. एकाच खात्यावर दोन्हीकडे चालेल का?

नेटफ्लिक्सने भारतात जुलै 2023 पासून एक खातं एका घरापुरतं केलं आहे. पुण्याच्या खोलीतल्या टीव्हीवर आज ना उद्या अडवणूक होते. प्राइमवर 2025 पासून एका खात्याला पाच उपकरणं, त्यातले टीव्ही दोनच. आईवडिलांकडे एक आणि मुलाकडे एक, एवढं बसतं. मुलगा खोलीवर जास्त बघत असेल आणि घरी कोणी बघत नसेल, तर ते सबस्क्रिप्शन त्यालाच भरू द्या, असं माझं स्पष्ट मत आहे.

एकच सिनेमा बघायचा आहे. त्यासाठी महिना घ्यावा का?

आधी justwatch.com वर नाव टाकून तो कुठे आहे ते बघा. प्राइम व्हिडिओवर काही सिनेमे भाड्याने मिळतात, त्याला प्राइमचं सदस्यत्व लागत नाही. भाडं भरल्यावर 30 दिवसांत सुरू करायचा आणि सुरू केल्यावर 48 तासांत संपवायचा. अर्धा शनिवारी आणि उरलेला पुढच्या शनिवारी असं चालत नाही. भाडं महिन्याच्या दराच्या आसपास असेल तर अर्थातच महिना घ्या.

फक्त मराठी मालिका बघतो. कोणतं घ्यावं?

मालिका कोणत्या वाहिनीवर आहे त्यावर ठरतं. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीचं जिओहॉटस्टारवर, झी मराठीचं झी5 वर, सोनी मराठीचं सोनीलिव्हवर. घरी केबल किंवा डिश असेल आणि वेळेवर टीव्हीसमोर बसता येत असेल तर यातलं एकही लागत नाही. वेळ चुकत असेल तर ज्या वाहिनीच्या मालिका जास्त त्या एकाच ॲपचा सगळ्यात लहान प्लॅन घ्या.

अहिराणी गाणी आणि खान्देशी कॉमेडी बघणाऱ्यांचा प्रश्न यूट्यूबवर आधीच सुटलेला आहे, त्यांना पैसे भरायची गरज नाही. दूरदर्शनचं जुनं काही हवं असेल तर प्रसार भारतीचं वेव्हज नावाचं ॲप नोव्हेंबर 2024 मध्ये आलं आहे, तिथे शोधा.

बंद केल्यावर पुन्हा घेतलं तर अर्धवट राहिलेली सिरीज पहिल्यापासून लावावी लागेल का?

त्याच ई-मेलने किंवा नंबरने परत आलात तर सहसा नाही. ॲप रद्द केलेल्या खात्याची नोंद काही महिने ठेवतात, प्रोफाइल आणि कुठवर पाहिलं होतं ते परत दिसतं. सबस्क्रिप्शन रद्द करा, खातंच पुसून टाकू नका. दोन्ही बटणं वेगळी असतात. तरीही कितव्या भागावर थांबलात ते कॅलेंडरवर लिहून ठेवा, कारण सिरीजच त्या ॲपवरून निघून गेली तर दुसऱ्या ॲपवर तिथून पुढे लावता येईल.